फोन लागेना तेव्हा घरच्यांनी एकमेकांना गाठायचं कसं? आमचा कोल्हापुरी प्लॅन, लातूरच्या आत्यासकट

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची गोष्ट. मी शिरोली एमआयडीसीत कामावर, बायको-आई-पोरगी शाहूपुरीत घरी, आणि आमचं घर जयंती नाल्यापासून लांब नाही हे शाहूपुरीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दुपारपर्यंत फोन लागत होता, मग लाईट गेली, मग फोन कधी लागायचा कधी नाही, आणि संध्याकाळी हायवेवर पाणी आलं म्हणून रस्ता बंद. म्हणजे मी पंचगंगा नदीच्या अलीकडं, घरचे पलीकडं. मी वेड्यासारखा कॉल लावत बसलो, बायकोला, आईला, शेजाऱ्यांना, मेव्हण्याला, परत बायकोला, आणि रात्री दहाला माझाच फोन बंद पडला. माझी खात्री होती की हे लोक उचगावला मेव्हण्याकडं गेले असणार. ते गेले होते राजारामपुरीत मावशीकडं, आणि तिकडं बायकोची खात्री होती की मला हे कळलं असणारच.

कळलं मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तेही लातूरहून. आमची आत्या लातूरला असते. टीव्हीवर कोल्हापूर बघून तिनं बायकोला मेसेज टाकलेला "कशा आहात गं", आणि त्याला बायकोचं एका ओळीचं उत्तर गेलेलं, की आम्ही तिघी मावशीकडं आहोत, ठीक आहोत. साधा एसएमएस. माझे साठ-सत्तर कॉल जिथं गेले नाहीत तिथं तो एक मेसेज गेला, आणि मी कंपनीतल्या एकाच्या फोनवरून लातूरला लावला तर तो पहिल्या रिंगला लागला. तेव्हा वाटलं नशीब. नंतर नीट समजून घेतलं तर ते नशीब नव्हतं, त्याला कारण आहे, आणि सगळा प्लॅन त्या कारणावरच उभा आहे, म्हणून आधी ते सांगतो.

मोबाईलचा टॉवर लाईटवर चालतो. लाईट गेली की बॅटरीवर काही तास, मग डिझेल जनरेटर. जनरेटरचं डिझेल संपलं की कुणीतरी नेऊन भरावं लागतं, आणि रस्त्यावर पाणी असेल तर ते नेणार कोण? म्हणून पुरात नेटवर्क पहिल्या दिवशी बरं असतं आणि खरा घोटाळा दुसऱ्या दिवशी होतो. बरेच लोक उलटं समजतात, पहिल्या दिवशी लागलं म्हणजे आता लागतच राहील. दुसरं म्हणजे टॉवरला मागून येणारी केबल, ती पुलावरून किंवा रस्त्याकडेनं आलेली असते, ती तुटली की टॉवर चालू असून उपयोग नाही. आणि तिसरं म्हणजे गर्दी. जे टॉवर शिल्लक राहतात त्यांच्यावर अख्ख्या गावाचे कॉल येऊन पडतात, वर पुण्या-मुंबईचे सगळे पाहुणे एकाच वेळी "पाणी किती आलं" विचारायला फोन करतात.

आता कॉल आणि एसएमएस यात फरक काय. कॉल लागायला तुमच्या बाजूचा टॉवर आणि समोरच्या बाजूचा टॉवर एकाच क्षणी जिवंत आणि मोकळे पाहिजेत, आणि बोलून होईपर्यंत तसेच राहिले पाहिजेत. एसएमएसला तसं लागत नाही. तो एवढासा असतो, तुमच्या फोनमधून एकदा सुटला की कंपनीच्या मशीनमध्ये जाऊन बसतो, आणि समोरचा फोन नेटवर्कमध्ये आला की त्याला दिला जातो. तोपर्यंत मशीन परत परत प्रयत्न करतं, किती तास करायचा ते कंपनीवर असतं, पण मेसेज लगेच मरत नाही. म्हणजे मला सकाळी सातला पाच मिनिटं रेंज मिळाली आणि बायकोला नऊला मिळाली तरी निरोप पोचतो. कॉलमध्ये आमची चुकामूकच होणार.

थोडा हिशेब करा. समजा पूरग्रस्त भागात प्रत्येक फोनला सहा तासांतला एखादाच तास रेंज मिळतीय, कुठला ते माहीत नाही. मग तुम्ही फोन उचलला त्या घडीला तुम्हाला रेंज असण्याची शक्यता सहात एक. समोरच्यालाही त्याच घडीला असण्याची सहात एक. दोघांना एकदम असण्याची छत्तीसात एक. पण समोरचा माणूस लातूरला असेल, जिथं लाईट आहे, टॉवर आहे, तर परत सहात एकच. एवढंच आहे आत्याचं रहस्य. पुरातले दोन फोन एकमेकांना सापडणं अवघड, पुरातला एक फोन बाहेरच्या फोनला सापडणं त्यापेक्षा लई सोपं.

आणखी एक. आम्ही चौघं. प्रत्येकानं प्रत्येकाला गाठायचं म्हटलं तर सहा जोड्या होतात, त्यातली एक जुळली नाही तरी कुणीतरी घोर लावून बसतं. मधी आत्या असली की चार निरोप, प्रत्येकाचा एक. मी ठीक आहे, इथं आहे, एवढं तिला सांगायचं आणि बाकीच्यांचं काय ते तिच्याकडून घ्यायचं.

तर मुद्दा नंबर एक, हा लांबचा माणूस कोण निवडायचा. आपल्याकडं पहिली नावं येतात सांगली, इचलकरंजी, जयसिंगपूर, कारण पाहुणे तिथंच. तिथलं कुणी नको. कृष्णा आणि पंचगंगा बरोबरच फुगतात, २००५, २०१९, २०२१ तिन्ही वेळेला सांगलीतही पाणी होतं. मग लोक म्हणतात मुंबईचा काका. पण बघा, २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, सगळी मुंबई ठप्प, आणि त्याच दिवसांत इकडं कोल्हापूर-सांगलीत पूर. २०२१ ला इथं पाणी चढत होतं तेव्हा चिपळूण आणि महाड पाण्यात होतं. हे योगायोग नाहीत, घाटावरचा आणि कोकणातला तो एकच पाऊस असतो. म्हणून किती किलोमीटर लांब यापेक्षा त्या गावावर वेगळं आभाळ आहे का ते बघायचं. लातूर, नागपूर, अकोला, नांदेड, असलं कुठलं तरी. एक मित्र म्हणाला लातूरला तरी काय खात्री, १९९३ ला किल्लारीचा भूकंप तिथंच झाला ना. झाला. पण किल्लारीचा भूकंप आणि पंचगंगेचा पूर एकाच दिवशी येणार नाहीत, आपल्याला एवढंच पाहिजे.

माणूस कसा पाहिजे हेही महत्त्वाचं. जास्त हुशार नको, घरात असणारा पाहिजे, फोन उचलणारा पाहिजे आणि ऐकलेलं तसंच्या तसं सांगणारा पाहिजे. आमच्याकडं एक काका आहेत, त्यांना सांगितलं "पोरगी मावशीकडं आहे" तर तिसऱ्या माणसापर्यंत ते "पोरगी सापडत नाही" होऊन जातं. ते बाद. आत्या शिक्षिका होती, वहीत लिहून ठेवायची सवय, म्हणून आत्या. आणि तिच्या घरी लँडलाइन आहे, ती आता कमीच घरी राहिलीय पण असेल तर सोनं. आत्या आजारी पडली किंवा देवदर्शनाला गेली तर? म्हणून दुसरा नंबर तिच्या सुनेचा. दोनच. तीन केले की कुणी कुणाला सांगितलं याचाच गोंधळ होतो.

आता ठिकाणं. सगळीकडं सांगतात घराजवळ एक आणि थोडं लांब एक ठरवा, बरोबर आहे, पण कोल्हापुरात नदी मधी आहे हे त्यात येत नाही. आपल्यातले निम्मे लोक शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला. शिरोली नदीपलीकडं. गोकुळ शिरगाव अलीकडं, म्हणजे तिथला माणूस उजळाईवाडीवरून शहरात येऊ शकतो, पण शिरोलीचा माणूस हायवे बंद झाला की अडकला. त्याला एकच ठिकाण देऊन ठेवलं तर तो काय करणार? पाण्यातून यायला बघणार. म्हणजे चुकीच्या प्लॅननं माणूस पाण्यात घातला. म्हणून आमचा पहिला नियम, नदीच्या दोन्ही बाजूला एकेक ठिकाण, आणि दुसरा, कुठलंही ठिकाण गाठण्यासाठी पाणी ओलांडायचं नाही, गुडघाभर असलं तरी नाही, कारण खाली गटाराचं झाकण आहे का नाही ते वरनं दिसत नाही.

आमची तीन ठिकाणं अशी. पहिलं, बिल्डिंगबाहेर गणपती मंडळाचा कट्टा. हे पुरासाठी नाही, आग, सिलेंडर, भूकंप असल्या गोष्टींसाठी, जिथं दोन मिनिटांत बाहेर पडायचं आणि डोकी मोजायची. भूकंप म्हटलं की कोल्हापूरकर हसतात, पण १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या आईला चांगला आठवतो. दुसरं, राजारामपुरीतलं मावशीचं घर, ते उंचावर आहे आणि आमच्या घरातनं चालत जाता येतं, गाडीवर अवलंबून नाही. तिसरं, माझ्यासाठी नदीपलीकडं पेठ वडगावला चुलत भावाचं घर. तिथंही एका बाजूला वारणा आणि एका बाजूला पंचगंगा आहे, पण मधल्या पट्ट्यात माणूस कोरडा राहतो आणि त्याच्या डोक्यावर छप्पर असतं. मी तिकडं गेलो की शहराकडं यायला बघायचं नाही, तिथंच थांबायचं. हे मान्य करायला मला सगळ्यात अवघड गेलं. बाप्या माणसाला वाटतं आपण पोचलंच पाहिजे.

ठिकाण निवडताना दोन चुका सगळे करतात. एक, मोठं मैदान किंवा गाजलेला चौक सांगतात. गांधी मैदान सांगितलं होतं आमच्या एका शेजाऱ्यानं. अहो ते पूर्वीचं वरुणतीर्थ तळं आहे, पावसाळ्यात तिथं पाणीच साचतं. एसटी स्टँडही नको, अडचणीच्या वेळी सगळं गाव तिथंच जातं, त्या गर्दीत आई सापडणार कशी. दुसरी चूक, ठिकाण अर्धवट सांगतात. "युनिव्हर्सिटीजवळ" म्हणजे कुठं? कुठल्या गेटला, गेटच्या आत का बाहेर, कुठल्या बाजूला? आम्ही लिहिताना असं लिहिलं की कोल्हापूर कधी न बघितलेला माणूससुद्धा तिथं जाऊन उभा राहील, कारण उद्या पोरीला तिथं नेणारा कुणी अनोळखी असू शकतो.

आणि किती वेळ थांबायचं हे ठरवलं नसेल तर ठिकाणाला अर्थ नाही. आमचं असं, पोचलेल्यातला एक जण जागेवरच राहील, कितीही झालं तरी. सगळे शोधायला गेले आणि चौथा येऊन परत गेला, असं व्हायला नको. घर सोडताना दारावर चिठ्ठी लावायची, पण त्यात "आम्ही मावशीकडं चाललोय, घर रिकामं आहे" असं चोराला आमंत्रण द्यायचं नाही, फक्त "ठि २, बुध ४" एवढंच. ठिकाण दोनला गेलो, बुधवारी चार वाजता. घरच्यांना कळतं, बाकीच्यांना नाही. पेन्सिलनं किंवा साध्या बॉलपेननं लिहा, जेल पेनचं अक्षर ओलं झालं की वाहून जातं. हे अनुभवानं सांगतोय.

पोरांच्या शाळेचं वेगळं. शाळा पोरगं कुणाच्याही हातात देत नाही आणि देऊ पण नये. त्यामुळं मावशीचं नाव आणि फोटो शाळेत लेखी देऊन ठेवलाय. ते नसतं तर मावशी गेटवर उभी आणि पोरगी आत, असा प्रकार झाला असता. आणि आईनं, म्हणजे पोरीच्या आजीनं, एकटीनं कुठल्याही ठिकाणाला जायला निघायचं नाही, ती वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडं जाऊन बसणार आणि शेजाऱ्यांना ते माहीत आहे.

कधी हलायचं हेही फोनवर ठरवायचं ठेवू नका, कारण तेव्हाच फोन नसेल. कोल्हापूरला एक सोय आहे, आपण सगळे फुटांत बोलतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तर तेच वापरायचं. आमच्या कागदावर आहे, ३९ ला सगळे फोन आणि पॉवर बँक फुल चार्ज, आईची औषधं पिशवीत, आत्याला पहिला मेसेज. ४१ ला बायको-आई-पोरगी ठिकाण दोनला, ४३ ची वाट बघायची नाही. आणि मी शिरोलीत असेन तर ४१ ला सुट्टी मागायची, नाही मिळाली किंवा रस्ता बंद झाला तर ठिकाण तीन. हे ४१ आमच्या घरापुरतं आहे हं, तुमच्या गल्लीत कितीला पाणी येतं ते २०१९ आणि २०२१ ला काय झालं त्यावरून ठरवा. दोन्ही वेळेला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, तेव्हा कुठली पायरी बुडाली होती ते गल्लीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. यात फायदा असा की फोन बंद झाला तरी मला माहीत असतं, शेवटची बातमी ४१ ची ऐकली म्हणजे आता घरचे निघालेत.

आता मेसेज लिहायचा कसा, इथं लोक गंडतात. मराठीत देवनागरी टाईप केलं की एका एसएमएसमध्ये फक्त ७० कॅरेक्टर बसतात, आणि त्यात काना, मात्रा, पाय मोडलेलं अक्षर सगळं वेगळं मोजलं जातं. "कोल्हापूर" म्हणजे नऊ गेले. इंग्रजी अक्षरात लिहिलं तर १६० बसतात. एक इमोजी टाकला की परत ७० वर. आणि मेसेज जास्त लांब झाला की त्याचे तुकडे होऊन वेगवेगळे जातात, एक तुकडा अडकला तर समोरच्याला अर्धवट दिसतं किंवा काहीच दिसत नाही. २०२१ ला बायकोनं पहिला मेसेज छान देवनागरीत लिहिला, आई कशी, काय जेवली, मावशीकडं कोण कोण आलंय, पाच ओळी. गेलाच नाही. नंतर ठरवलेला साचा वापरला आणि तो गेला. साचा असा:

```
GHAR AAI+MULGI+MI T2 OK FRI 1630 PUDHE 1900
```

पहिला शब्द GHAR, मग कोण, कुठं, कसे, कुठल्या वारी किती वाजता लिहिलं, आणि परत कधी बघणार. वेळ आणि वार घालायचाच, कारण हा मेसेज आत्याला सहा तासांनी मिळू शकतो आणि तिला वाटेल आत्ताचंच आहे. कुणाला लागलं असेल तर OK च्या जागी MADAT आणि काय झालं ते एका शब्दात. बास.

फोनवर "नॉट सेंट" असं आलं असेल तर तो मेसेज अजून तुमच्याच खिशात आहे. मशीन परत परत प्रयत्न करतं ते फोनमधून सुटल्यावर. त्यामुळं तेवढं बघा आणि हातानं परत पाठवा. व्हॉट्सॲपला इंटरनेट लागतं, गर्दीत ते आधी बसतं, त्यामुळं व्हॉट्सॲपवर टाकून निर्धास्त होऊ नका, एक टिक म्हणजे पोचलं नाही. आणि जून महिन्यात सगळ्यांचे रिचार्ज बघा, काही स्वस्त पॅकमध्ये एसएमएस नसतातच आणि लोकांना ते ऐन वेळी कळतं. आईच्या फोनचं आमचं तसंच होतं.

नेटवर्कचं काय झालंय ते ओळखायला सोपं आहे. दांड्या दिसतायत पण कॉल कट होतोय, म्हणजे बहुतेक गर्दी, एसएमएस करा, पहाटे करा. दांड्याच नाहीत, म्हणजे जवळचा टॉवर गेला, वरच्या मजल्यावर किंवा गच्चीत जाऊन बघा. "इमर्जन्सी कॉल ओन्ली" दिसलं तर तुमच्या कंपनीचा टॉवर बंद आहे पण दुसऱ्या कंपनीचा चालू आहे, तेव्हा ११२ लागू शकतो, आणि शेजारी ज्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम आहे त्याचा फोन चालत असेल. त्याचा फोन मागाल, पण आत्याचा नंबर पाठ आहे का? मला २०१९ ला बायकोचा नंबर सोडून एकही पाठ नव्हता, लातूरला लावताना तो सापडला पाकिटातल्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागं. आता चौघांनाही पाठ आहे, पोरगी तर पाढ्यासारखा म्हणते.

रेंज शोधत बसलेला फोन बॅटरी पटापट खातो. म्हणून आमच्या वेळा ठरलेल्या आहेत, सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ७. तेवढी पंधरा मिनिटं फोन चालू, मेसेज टाकायचा, आलेला वाचायचा, की परत फ्लाइट मोड. असं केलं तर साधा फोनसुद्धा तीन-चार दिवस जातो. २०१९ ला मी एका संध्याकाळीत संपवलेला. मधल्या वेळात बातम्यांसाठी सेलवरचा छोटा रेडिओ.

आत्याचं काम काय, तर तिच्याकडं एक वही आहे आणि त्यात चार रकाने, मेसेज कधी लिहिलेला, कोणाचा, कुठं आहे, पुढं कधी बोलणार. ती आम्हाला कॉल करत नाही. हे तिला पटवायला वेळ लागला, कारण काळजी वाटली की फोन करायचा हे तिचं साठ वर्षांचं वळण. पण तिनं केलेला प्रत्येक कॉल आमची बॅटरी खातो. ती फक्त कुणाचा मेसेज आला की उत्तरात सगळ्यांची यादी एका एसएमएसमध्ये पाठवते, आई-मुलगी-सून T2, भाचा T3, एवढं. बाकीचे पाहुणे आम्हाला न विचारता तिला विचारतात, हा एक मोठाच फायदा निघाला, नाहीतर त्यांचे कॉल परवडत नाहीत. कुणाचा ठरलेल्या दोन वेळांना निरोप आला नाही तर तिनं आधी ठिकाणावरच्या माणसाला, म्हणजे मावशीला किंवा चुलत भावाला विचारायचं, आणि तिथंही नसेल तर कंट्रोल रूमला. १०७७ हा ज्या जिल्ह्यातनं लावाल तिथल्या कंट्रोल रूमचा, लातूरहून कोल्हापूर लागेल असं धरून चालू नका, म्हणून तिच्या वहीत कोल्हापूर कंट्रोल रूमचा ०२३१ कोडचा नंबर पहिल्या पानावर लिहिलाय.

२०२१ ला, जुलैमधल्या त्या शुक्रवारी, हे सगळं खरं वापरावं लागलं. तेव्हा कोविडमुळं शाळा बंद, पोरगी घरीच होती, तेवढं सोपं. पाणी २०१९ पेक्षा भराभर चढलं. तिघी ठरल्याप्रमाणं मावशीकडं गेल्या, मी कंपनीतनं निघेपर्यंत हायवेचं काही खरं नव्हतं म्हणून सरळ वडगावला भावाकडं. संध्याकाळी सातला माझा मेसेज गेला, आणि सव्वासातला आत्याची यादी आली, त्यात तिघींची नावं. मी त्या रात्री झोपलो. २०१९ च्या रात्रीशी तुलनाच नाही.

पण एक घोळ झालाच. शनिवारी बायकोचं नेटवर्क गेलं म्हणून तिनं शेजारणीच्या फोनवरून आत्याला कॉल लावला, आणि आत्यानं उचललाच नाही, कारण तिच्या मुलानं तिला बजावून ठेवलेलं की अनोळखी नंबर उचलायचा नाही, सगळे फ्रॉड असतात. चार वेळा कट. मग बायकोनं त्याच फोनवरून GHAR ने सुरू होणारा मेसेज टाकला आणि आत्यानं लगेच उलटा फोन केला. तेव्हापासून नियम झाला, अनोळखी फोनवरून आधी मेसेज, मग कॉल. आणि फ्रॉडची भीती काही खोटी नाही, संकटात "मी तुमचा भाचा, पैसे पाठवा" म्हणणारे निघतातच. म्हणून एक प्रश्न ठरवलाय, ज्याचं उत्तर फक्त घरच्यांना माहीत आहे, ते सांगितल्याशिवाय आत्या काही बोलत नाही. प्रश्न काय ते इथं लिहिणार नाही, साहजिकच.

हे सगळं एका कागदावर आहे, दोन्ही बाजूनं, लॅमिनेट केलेला, पाकिटात मावेल एवढा. माझ्या पाकिटात, बायकोच्या पर्समध्ये, पोरीच्या दप्तरात, आईच्या औषधाच्या डबीत, आणि एक आत्याकडं. लॅमिनेशनला जास्त पैसे गेले नाहीत, लिहिताना भांडणं जास्त झाली.

दरवर्षी मृग लागला की एका रविवारी रंगीत तालीम करतो. सगळ्यांचे फोन कपाटात दोन तास, फक्त शेजारचा फोन मागून आत्याला मेसेज करायचा आणि ठिकाण दोनला चालत पोचायचं. गेल्या वेळेला आई वरच्या मजल्यावर जाऊन बसायचं सोडून खाली मंडळाच्या कट्ट्यावर गप्पा मारत बसली होती, आणि पोरगी आत्याच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे सांगत होती. आत्यानं मात्र वहीत वेळेसकट नोंद केलेली, आणि खाली लाल पेननं शेरा मारलेला, "एक गैरहजर".